फंड ८.४ टक्के वर, पैसे दोन लाखांनी खाली: दोन्ही खरं कसं?

प्रश्न : ऑक्टोबर २०२२ मध्ये एका इक्विटी फंडात २ लाख टाकले, तेव्हा एनएव्ही ४० होती. वर्षानं ५०, दोन वर्षांनी ६० झाली. फंड चांगला वाटला म्हणून आडगावचा प्लॉट विकल्यावर ऑक्टोबर २०२४ ला त्यातच १८ लाख एकरकमी टाकले. आज, ऑक्टोबर २०२५ ला, एनएव्ही ५१ आहे. फंडाच्या पत्रकावर तीन वर्षांचा वार्षिक परतावा ८.४ टक्के लिहिलाय, आणि माझं ॲप उणे ९.१६ टक्के दाखवतंय. बायको म्हणते एफडी केली असती तर बरं झालं असतं. यातलं खोटं कोण? फंड बदलू का? २०२७ ला मुलीच्या कॉलेजसाठी ६ लाख लागणार आहेत. (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : खोटं कोणीच बोलत नाही, तुमच्या सौभाग्यवतीसुद्धा नाही. फंडाचं पत्रक एका प्रश्नाचं उत्तर देतं आणि ॲप दुसऱ्याच. पत्रकाचा प्रश्न असा : पहिल्या दिवशी टाकलेल्या एका रुपयाचं, मधे काहीही न टाकता-काढता, तीन वर्षांत काय झालं? ॲपचा प्रश्न असा : तुमचे पैसे ज्या तारखांना, ज्या रकमेनं आत गेले, त्यांना मिळून वर्षाला काय दर पडला? पहिल्याला वेळ-भारित परतावा म्हणतात, दुसऱ्याला पैसा-भारित. कॉलेज रोडवर आमच्याकडे येणारे बहुतेक लोक टाइम-वेटेड आणि मनी-वेटेड असंच म्हणतात, आणि मनी-वेटेडला तर सरळ XIRR.

निफाड-दिंडोरीकडच्या लोकांना मी हे बागेच्या हिशेबानं सांगतो. एकरी उतारा किती पडला हा एक आकडा. एकूण माल किती निघाला आणि पदरात काय पडलं हा दुसरा. समजा तुमची एक एकर बाग दोन वर्षं जोरात आली. ते बघून तिसऱ्या वर्षी आणखी नऊ एकर खंडानं घेतली आणि नेमकी त्याच वर्षी गारपीट झाली. तीन हंगामांचा सरासरी एकरी उतारा अजूनही बरा दिसेल, कारण त्या सरासरीत प्रत्येक हंगामाचं वजन सारखं. पण चांगल्या हंगामात तुमच्याकडे एकच एकर होती आणि वाईट हंगामात दहा. एकरी उतारा म्हणजे पत्रकावरचे ८.४, आणि पदरात पडलेलं म्हणजे ॲपवरचे उणे ९.१६.

आता तुमचेच आकडे घेऊ. २ लाखांत ४० च्या भावानं ५,००० युनिट मिळाले. १८ लाखांत ६० च्या भावानं ३०,००० मिळाले. एकूण ३५,००० युनिट, आजच्या ५१ च्या भावानं १७,८५,००० रुपये. टाकले २० लाख, म्हणजे २,१५,००० चा तोटा. (स्टेटमेंटमध्ये ३०,००० ऐवजी २९,९९८.५ युनिट दिसतील. जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, ते १८ लाखांवर ९० रुपये होतं. पुढच्या हिशेबात ते मी सोडून दिलंय.)

हा तोटा दोन भागांत फोडून बघा, मग अर्धा गोंधळ तिथंच संपतो. पहिले ५,००० युनिट आज २,५५,००० चे आहेत, म्हणजे त्यांच्यावर ५५,००० चा नफा. नंतरचे ३०,००० युनिट १५,३०,००० चे आहेत, त्यांच्यावर २,७०,००० चा तोटा. ८.४ टक्के वाढ झाली ती पहिल्या दोन लाखांची. उरलेल्या अठरा लाखांनी ती पहिली दोन वर्षं पाहिलीच नाहीत. त्यांच्या वाट्याला फक्त तिसरं वर्ष आलं.

वेळ-भारित आकडा कसा निघतो

तीन वर्षांचे तीन टप्पे करायचे. पहिल्या वर्षी ४० चे ५० झाले, म्हणजे १.२५ पट. दुसऱ्या वर्षी ५० चे ६०, म्हणजे १.२० पट. तिसऱ्या वर्षी ६० चे ५१, म्हणजे ०.८५ पट. तिन्ही गुणले की १.२७५. याचं घनमूळ १.०८४, म्हणून वर्षाला ८.४ टक्के. तुम्ही तिसऱ्या टप्प्याच्या आधी १८ लाख टाकले की १८ रुपये, याचा या गुणाकारात कुठंच संबंध येत नाही.

का येत नाही, हे युनिटच्या पद्धतीतच आहे. १८ लाख टाकायच्या आदल्या क्षणी तुमच्याकडे ५,००० युनिट होते, ६० च्या भावानं ३ लाखांचे. पैसे टाकल्यावर ३५,००० युनिट झाले, २१ लाखांचे. २१ लाखांना ३५,००० नी भागा, भाव परत ६०. नवे पैसे आले की त्याच भावानं नवे युनिट छापले जातात, त्यामुळे पैशाच्या ये-जा करण्यानं एनएव्ही हलत नाही. एनएव्हीवरून काढलेला परतावा म्हणून आपोआप वेळ-भारित असतो, वेगळं काही करावं लागत नाही. (लाभांश देणारा पर्याय असेल तर वाटलेला लाभांश हिशेबात परत धरावा लागतो. तुमचा ग्रोथ पर्याय आहे असं मी धरतो.)

शेअरच्या खात्यात ही सोय नसते. तिथं वेळ-भारित परतावा काढायचा तर ज्या ज्या दिवशी पैसे आत किंवा बाहेर गेले, त्या प्रत्येक दिवशी व्यवहाराच्या आधीचं मूल्य माहीत लागतं. तुमचंच खातं शेअरचं आहे असं समजा : २ लाखांचे अडीच, अडीचचे तीन, मग १८ घालून एकवीस, आणि एकवीसचे १७.८५. त्या मधल्या "तीन लाख" या आकड्याची नोंद नसेल तर साखळी तुटते. डीमॅट खात्याचा परतावा लोक डोळे झाकून सांगतात, त्यातले बरेच जण इथं अडकतात. वर्षाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं मूल्य घेतात, मधे टाकलेले पैसे तसेच राहतात, आणि स्वतःच भरलेली रक्कम परतावा म्हणून मोजली जाते.

पैसा-भारित आकडा कसा निघतो

इथं एकच दर शोधायचा असतो. तो दर असा हवा की पहिले २ लाख त्या दरानं तीन वर्षं आणि नंतरचे १८ लाख त्याच दरानं एक वर्ष चालवले, तर बेरीज बरोबर १७.८५ लाख यावी. हे सरळ सूत्रानं सुटत नाही, अंदाज घेत घेत जवळ जावं लागतं. उणे १० टक्के धरून बघा : २ लाखांचे १.४५८ लाख होतात, १८ चे १६.२, बेरीज १७.६५८. कमी पडली. उणे ९ धरा : १.५०७ आणि १६.३८, बेरीज १७.८८७. थोडी जास्त झाली. म्हणजे उत्तर उणे ९ च्या जरा खाली, आणि ते उणे ९.१६ आहे. तुमचं ॲप बरोबर आहे.

घरी एक्सेलमध्ये करायचं असेल तर एवढंच पुरे :

```
     A              B
1    03-Oct-2022    -200000
2    03-Oct-2024    -1800000
3    03-Oct-2025    1785000

=XIRR(B1:B3, A1:A3, -0.1)
```

खिशातून गेलेले पैसे उणे, परत आलेले किंवा आज काढले तर मिळतील ते अधिक. तिसऱ्या जागी मी जो -0.1 लिहिलाय तो सुरुवातीचा अंदाज आहे आणि तोट्याच्या वर्षात त्याला महत्त्व आहे. तो दिला नाही तर एक्सेल अधिक १० टक्क्यांपासून शोध सुरू करतं, आणि उत्तर बरंच उणे असेल तेव्हा कधी कधी वाट चुकतं. मग पेशीत #NUM! येतं, किंवा त्याहून फसवं म्हणजे 2.98E-09 येतं, जे टक्क्यांत ०.०० दिसतं. माणूस म्हणतो, चला, निदान मुद्दल तरी शाबूत आहे! दोन लाखांहून जास्त गेले असताना शून्य दिसलं तर उणे अंदाज घालून परत काढा.

दुसरी नेहमीची अडचण तारखांची. 03/10/2024 हे संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ३ ऑक्टोबर किंवा १० मार्च होऊ शकतं. तुमच्या बाबतीत १८ लाख सात महिने आधी टाकल्यासारखे दिसतील आणि तोट्याचा वार्षिक दर सौम्य होईल. एररही येणार नाही, त्यामुळे शंका यायचं कारणच उरत नाही. महिना अक्षरात लिहिला की हा घोळ होत नाही.

ॲपवर आंधळा विश्वास टाकू नका असं मी म्हणतो त्याचं कारणही सांगतो. काही ॲप फक्त सध्या हातात असलेल्या योजना धरतात. तुम्ही मधे एखाद्या फंडातून सगळे पैसे काढून दुसऱ्यात नेले असतील, तर जुना फंड यादीतून जातो आणि त्याचा नफा-तोटाही त्याच्याबरोबर जातो. ज्याला तोट्यात कंटाळून फंड बदलायची सवय आहे, त्याचं ॲप कायम ताजंतवानं दिसतं. सगळा इतिहास हवा असेल तर फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेककडून एकत्रित खाते-उतारा मागवा. त्यात सुरुवातीपासूनचे व्यवहार आणि शून्य शिल्लक असलेले फोलिओही मागा, आणि त्यावरून XIRR काढा.

आणि वर्षापेक्षा कमी काळाच्या XIRR कडे बघूच नका. १८ लाख टाकल्यावर तीन महिन्यांत भाव ६ टक्के उतरला असता, तर त्या रकमेवर ॲपनं उणे २२ च्या आसपास दाखवलं असतं. तीन महिन्यांची घसरण आणखी तीनदा तशीच होईल असं धरून ते वर्षाचा दर काढतं. तिथं साधा टक्का बघावा.

क्रम बदलला तर

आता या सगळ्यातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. तुमच्या फंडाची तीच तीन वर्षं उलट्या क्रमानं आली असती तर? आधी उणे १५, मग अधिक २०, मग अधिक २५. एनएव्ही ४० वरून ३४, मग ४०.८०, मग ५१. शेवट ५१ वरच. ८.४ टक्केही तेच, कारण गुणाकारात क्रमानं फरक पडत नाही. पत्रकावर एक अक्षर बदललं नसतं.

पण तुमचे १८ लाख दोन वर्षांनी ४०.८० च्या भावानं लागले असते. ते ५१ ला २२,५०,००० झाले असते, आणि जुने ५,००० युनिट तेच २,५५,०००. एकूण २५,०५,०००, म्हणजे ५,०५,००० चा नफा. XIRR काढला तर जवळजवळ २० टक्के.

तोच फंड, तीच तीन वर्षं, तेच २ आणि १८ लाख. एका क्रमात उणे ९, दुसऱ्या क्रमात अधिक २०. पैसे फक्त सुरुवातीला टाकून गप्प बसलेल्या माणसाला दोन्ही क्रमांत ८.४ च मिळाले असते. त्याचा वेळ-भारित आणि पैसा-भारित परतावा एकच असतो, कारण त्याच्या प्रत्येक वर्षाला तेच पैसे कामाला होते. दोन आकडे वेगळे होतात ते केवळ मधे पैसे आत-बाहेर गेल्यामुळे, आणि किती वेगळे होतात ते रकमेच्या प्रमाणावर ठरतं. तुमच्याकडे तीन लाख असताना अठरा आत आले, सहापट. पन्नास लाखांच्या खात्यात तेच अठरा गेले असते तर दोन आकड्यांत एवढी दरी दिसली नसती.

नाशिकमध्ये हे जास्त दिसतं असं माझं निरीक्षण आहे. पगारदार माणसाची एसआयपी महिन्याला थोडी थोडी जाते. पण पिंपळगाव-निफाडकडच्या द्राक्षवाल्याचे पैसे हंगाम संपता संपता, मार्च-एप्रिलच्या सुमाराला एकदम येतात. प्लॉटचे पैसे, ओझरच्या किंवा नोट प्रेसच्या निवृत्तीचे पैसे हेही एकाच दिवशी. शिवाय मोठी रक्कम हातात आली की माणूस मागच्या दोन वर्षांत जे वर गेलं तिकडेच बघतो. तुम्हीही "फंड चांगला वाटला" असं लिहिलंय. तुम्ही पैसे टाकले त्याच्या आठवडाभर आधी, २७ सप्टेंबर २०२४ ला, निफ्टीनं २६,२७७ चा तोवरचा उच्चांक गाठला होता. त्या आठवड्यात माझ्याकडे "आता टाकू का?" विचारणाऱ्यांत "आता नको" म्हणायला तयार असलेला जवळपास कोणी नव्हता.

मग फंडाला जोखायचं कशावर?

वेळ-भारित आकड्यावर, कारण पैसे कधी येणार हे फंड मॅनेजरच्या हातात नव्हतं. तुम्ही आडगावचा प्लॉट कधी विकता यावर त्याचा काय ताबा? ज्याच्या हातात पैशाची ये-जा नाही, त्याला त्या ये-जा करण्याचं श्रेय नको आणि दोषही नको. याच कारणानं सेबीनं पोर्टफोलिओ मॅनेजर लोकांना कामगिरी वेळ-भारित पद्धतीनं दाखवायला लावलंय. उलट ज्या खासगी इक्विटी फंडांत पैसे कधी मागवायचे आणि कधी परत करायचे हे मॅनेजरच ठरवतो, तिथं पैसा-भारित दर वापरतात. ताबा त्याचा, म्हणून हिशेबही त्याच्या नावावर.

पण ८.४ चांगले की वाईट, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. फंडाच्या निर्देशांकाशी तुलना करा आणि ती टीआरआय म्हणजे लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी करा. फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना तशीच तुलना दाखवावी लागते, त्यामुळे पत्रकावर ती सापडेल. समजा तुमच्या फंडाच्या निर्देशांकानं त्याच तीन वर्षांत अधिक २२, अधिक १५ आणि उणे १८ टक्के दिले. गुणाकार १.१५०, म्हणजे वर्षाला ४.८ टक्के. तुमचा फंड ८.४. मॅनेजरनं काम केलंय असं म्हणावं लागेल. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या पत्रकावरचे घालून बघा.

याहून उपयोगी एक गोष्ट आहे, जी फार कमी लोक करतात. तुमचेच पैसे, तुमच्याच तारखांना, दुसरीकडे टाकले असते तर काय झालं असतं ते रुपयांत काढायचं. वरच्याच निर्देशांकात २ लाखांचे २,३०,००० च्या आसपास झाले असते, १८ लाखांचे १४,७६,०००. एकूण साधारण १७,०६,०००. तुमच्याकडे १७,८५,००० आहेत. म्हणजे फंडानं तुमचे सुमारे ७९,००० वाचवले. आता तेच सौभाग्यवतींच्या एफडीत, वर्षाला ७ टक्के धरून : २ लाखांचे २,४५,००० आणि १८ लाखांचे १९,२६,०००. एकूण २१,७१,०००. तुमच्यापेक्षा ३,८६,००० जास्त.

या दोन आकड्यांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. निर्देशांकाशी तुलना केली की फंड कसा निवडला ते कळतं, एफडीशी केली की पैसे इक्विटीत घालायचं कसं ठरलं ते. दोन्ही वेळा तारखा आणि रकमा तुमच्याच असल्यामुळे ही तुलना सरळ होते. लोक करतात ते नेमकं उलटं : स्वतःचा उणे ९.१६ घेतात, शेजारच्या फंडाच्या पत्रकावरचे ११ टक्के घेतात आणि फंड बदलतात. एका बाजूला पैसा-भारित, दुसऱ्या बाजूला वेळ-भारित. त्या शेजारच्या फंडात त्याच दिवशी १८ लाख टाकलेल्या माणसाच्या ॲपवर काय दिसतंय, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. विकणारे लोकही याचा फायदा घेतात. ग्राहक "माझ्या पैशाचं काय?" विचारतो आणि हे त्याला पत्रक दाखवतात. असं कोणी केलं तर "माझ्या तारखांनी काढून द्या" एवढंच म्हणा.

एफडीशी तुलना मात्र एका वर्षावर संपवू नका. उणे ९.१६ हा निकाल आहे, पण त्यावरून १८ लाख टाकायचा निर्णय तेव्हा चूक होता की बरोबर हे ठरत नाही. क्रम उलटा असता तर तोच निर्णय तुम्हाला २० टक्के देऊन गेला असता आणि तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता. निर्णयात काय तपासायचं, तर सगळे अठरा लाख खरंच लांबच्या मुदतीचे होते का. तिथं मला तुमचं पटत नाही, पण त्याकडे शेवटी येतो.

दरी पुढे कमी होते, हेही बघून घ्या. समजा पुढच्या वर्षी एनएव्ही ३० टक्के वाढून ६६.३० झाली. फंडाचा चार वर्षांचा वेळ-भारित परतावा १३.५ टक्के होईल. तुमचे ३५,००० युनिट २३,२०,५०० चे होतील आणि XIRR अधिक ६.९ येईल. दरी साडेसतरा टक्क्यांची होती, ती साडेसहावर आली. जितकी वर्षं १८ लाख फंडात राहतील, तितकं त्या एका खराब वर्षाचं वजन कमी होत जातं. मी ३० टक्के वाढेल असं म्हणत नाहीये, आकडे कसे हलतात तेवढं दाखवतोय.

"मुद्दल कधी निघेल?" हेही तुम्ही विचारणारच. २० लाख भागिले ३५,०००, म्हणजे ५७.१४. एनएव्ही तिथं पोचली की XIRR शून्य होईल, मग ती सहा महिन्यांत पोचो की तीन वर्षांत. लोक ६० ची वाट बघतात कारण त्यांनी मोठी रक्कम ६० ला घेतलेली असते. जुन्या पाच हजार युनिटांचा नफा ते विसरतात.

आता काय करायचं

फंड बदलू नका, निदान या कारणासाठी नाही. पत्रकावरचे निर्देशांकाचे आकडे घालून वरचा हिशेब करा. फंड निर्देशांकाच्या बराच मागे असेल, आणि तेही एकाच वर्षात नाही तर सलग, तरच बदलायचा विचार करा. बदलताना जुने युनिट आधी विकले गेले असं धरलं जातं. म्हणजे थोडीच रक्कम काढली तर पहिल्यांदा नफ्यातले ४० वाले युनिट जातील, तोट्यातले ६० वाले नंतर. "तोट्यातले विकून टाकतो" असं ठरवून निम्मेच काढणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

मुलीचे ६ लाख मात्र इथं नकोत. २०२७ ला लागणारे पैसे ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळे इक्विटीत घालायला नको होते, एनएव्ही नंतर ६० ची ७५ झाली असती तरीही मी हेच म्हटलं असतं. ५१ च्या भावानं ६ लाख काढायला सुमारे ११,७६५ युनिट विकावे लागतील. एकदम नको वाटत असेल तर पुढचे सहा महिने दर महिन्याला एक लाख लिक्विड फंडात किंवा बँकेत न्या. ५७.१४ ची वाट बघू नका, कारण कॉलेजची फी तुमच्या एनएव्हीसाठी थांबणार नाही. काढलेली प्रत्येक रक्कम शीटमध्ये अधिक चिन्हानं, तिच्या तारखेला लिहा. मधल्या ओळी वाढतील, सूत्रातली कक्षा तेवढी वाढवा, आणि शेवटच्या ओळीत उरलेल्या युनिटांचं त्या दिवशीचं मूल्य ठेवा. काढून नेलेल्या पैशाचं बँकेत पुढे काय झालं ते या शीटमध्ये धरायचं नाही, त्याचा हिशेब वेगळा ठेवा.